भाचीचा पहिला अर्ज

एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या आस्थापना विभागात मी २२ वर्षं काम केलं. लिपिकाच्या एका जागेची जाहिरात निघाली की आठवडाभरात दीडशेच्या आसपास अर्ज यायचे आणि त्यांची पहिली चाळणी माझ्या टेबलावर व्हायची. निवृत्त झाले आणि हे वाचन थांबलं. मग गेल्या वर्षी जूनमध्ये मावसबहिणीच्या मुलीनं अमळनेरहून व्हॉट्सॲपवर दोन पानं पाठवली. एक बायोडाटा, एक अर्ज. खाली लिहिलं होतं, "मावशी, रविवारपर्यंत पाठवायचंय, जरा नजर टाक ना."

दोन संध्याकाळी फोनवर आणि शनिवारी ती माझ्याकडे आल्यावर समोरासमोर बसून आम्ही ती पानं दुरुस्त केली. तिच्या जवळपास सगळ्याच चुका मी त्या दीडशे अर्जांत वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. तेव्हा अर्जदार समोर नसायचा, आणि चूक दिसली तरी ती कुठून आली हे कळायचं नाही. या वेळी ते विचारता आलं.

१. बायोडाटा नोकरीचा आहे ना, हे आधी पाहावं.

पानाच्या डोक्यावर "॥ श्री ॥" होतं. खाली नाव, जन्मवेळ, उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, मामाचं गाव. शिक्षण आठव्या ओळीला. मराठीतला नमुना शोधला तर हाच मिळाला, असं ती म्हणाली. ते खरंच आहे. आपल्याकडे "बायोडाटा" म्हटलं की आधी लग्नाचा कागद आठवतो, आणि मराठीत तयार मिळणारे नमुने बहुतेक त्याचेच असतात.

पतसंस्थेला तिचं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, शिक्षण, केलेलं काम, संगणक आणि टंकलेखनाची प्रमाणपत्रं आणि येणाऱ्या भाषा एवढंच हवं असतं. बाकीच्या ११ ओळी काढल्या. जन्मतारीख ठेवली, कारण जाहिरातीत वयाची अट होती.

२. पदवीच्या नावातलं टिंब कुठे पडतं, त्याला अर्थ आहे.

माझं सगळ्यात जास्त बोलणं या एका गोष्टीवर झालं. भाचीनं स्वतःची पदवी दोन पानांत तीन प्रकारे लिहिली होती : "बीकॉम", "बी. काॅम" आणि "बी.कॉम.". मला तिसरं रूप पटतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही कागदांवर एकच रूप असावं. तीन प्रकार दिसले की वाचणाऱ्याला वाटतं, हे तीन ठिकाणांहून उचललं आहे.

टिंबाचा नियम साधा आहे. इंग्रजी नावातला एकेक शब्द जिथे तुटतो तिथे टिंब. बी.एस.डब्ल्यू.मध्ये तीन शब्द आहेत, म्हणून तीन टिंबं. विज्ञानाच्या पदवीत मात्र बॅचलर आणि सायन्स असे दोनच शब्द. "सायन्स"चं आखूड रूप दोन अक्षरांचं असलं तरी शब्द एकच, म्हणून बी.एस्सी. असं जोडून लिहायचं. "बी.एस.सी." लिहिलं तर मधलं टिंब एका शब्दाचे दोन करतं. पीएच.डी.चंही तसंच. "पीएच" हे एकाच शब्दाचं आखूड रूप आहे, त्यामुळे "पी.एच.डी." बरोबर नाही. हे सांगितल्यावर तिनं बहिणीच्या जुन्या बायोडाटातलं "एम.एस.सी."सुद्धा बसल्या बसल्या "एम.एस्सी." केलं.

"बी. काॅम"मधली गडबड डोळ्यांना सहज दिसत नाही. "कॉ" हे अक्षर क आणि ॉ या एकाच चिन्हाचं बनायला हवं. तिच्या मोबाइलच्या कीबोर्डवर ते चटकन सापडलं नाही, म्हणून तिनं आधी "का" टाइप केलं आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र ठेवला. दिसायला जवळपास सारखंच. पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. आमच्या कार्यालयात अर्ज ईमेलनं यायला लागले तेव्हा आम्ही फाइल उघडून Ctrl+F दाबून "कॉम" शोधायचो, म्हणजे पदवीच्या ओळीवर थेट जाता यायचं. असं जोडलेलं "काॅम" त्या शोधात सापडत नाही. चूक ओळखायची खूण अशी : त्या अक्षरानंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदाच दाबा. "क" उरला तर अक्षर नीट आहे. "का" उरला तर ते दोन तुकड्यांचं आहे, पुन्हा टाइप करा.

मग पदव्यांच्या मराठी नावांकडे वळलो. तिनं सहकार व लेखा पदविकेची, म्हणजे जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा दिली होती. पतसंस्थेच्या नोकरीत या पदविकेला वजन आहे. तिनं ती "पदवीका" अशी लिहिली होती. पदवी दीर्घ, म्हणून पदवीकाही दीर्घ, असा तिचा हिशोब. पण शब्द पदविका आहे, त्यात "वि" ऱ्हस्वच. पदव्युत्तर हाही असाच फसवतो. पदवी आणि उत्तर यांचा संधी होऊन "व्यु" झाला आहे, त्यातला उकार ऱ्हस्व. "पदव्यूत्तर" आणि "पदवुत्तर" ही दोन्ही रूपं मी अर्जांत शेकड्यांनी पाहिली आहेत.

आणखी दोन शब्द तिच्या कागदावर लाल झाले. एक "शैक्षणिक अहर्ता". अर्ह म्हणजे पात्र, त्यावरून अर्हता. रफार "ह"वर येतो. बोलताना "अहर्ता" सोपं जातं, तेच हात लिहून जातो. दुसरा "विशेष प्राविण्य". प्रवीण दीर्घ आहे, म्हणून प्रावीण्य. हा शब्द तर गुणगौरवाच्या फलकांवरही चुकीचा रंगवलेला दिसतो, त्यामुळे मुलांना दोष कसा द्यायचा?

लिपीक, माध्यमीक, आर्थीक यांच्यासाठी मी तिला एकच खूण दिली : शेवटी "इक" असलेले हे संस्कृतातून आलेले शब्द ऱ्हस्वच राहतात. लिपिक, माध्यमिक, आर्थिक, शैक्षणिक, व्यावसायिक. गरीब आणि वकील दीर्घ कसे, असं तिनं लगेच विचारलं. प्रश्न बरोबर होता. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ असतो, पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद असतात. गरीब आणि वकील अरबी-फारसीतून आले आहेत.

३. विद्यापीठाचं नाव पाठ असलं तरी प्रमाणपत्र समोर ठेवून लिहावं.

ती जळगावच्या विद्यापीठाची पदवीधर. २०१८मध्ये त्याचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. तिनं "कवियत्री" लिहिलं होतं. कवी या शब्दाच्या ओढीनं ही चूक होते आणि फार जण करतात. मूळ शब्दात "वयि" आहे : कवयित्री. ज्या विद्यापीठात तीन वर्षं शिकलो त्याच्या नावाचा पहिलाच शब्द चुकावा, हे मला मनापासून लागतं. मी तिला तसं सांगितलंही.

सोलापूर आणि पुणे विद्यापीठांच्या मुलांचं वेगळं होतं. ती सवयीनं जुनं आखूड नाव लिहीत. २०१४पासून पुण्याच्या विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. ज्याला त्यानंतर पदवी मिळाली, त्यानं नुसतं "पुणे विद्यापीठ" लिहिलं तर कागदपत्रांच्या पडताळणीत विनाकारण प्रश्न निघतो.

गुणपत्रिकेवर सीजीपीए ७.८४ होता. तिनं तो १०नं गुणून ७८.४ टक्के केला होता. आम्ही तो आकडा खोडून ७.८४ च ठेवला. टक्क्यांत बदलायचं सूत्र विद्यापीठानं स्वतः दिलेलं असेल तरच ते वापरावं. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र सारखं नसतं, आणि पडताळणीत आकडा जुळला नाही तर ती नुसती शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

४. काळ चुकला की खरी गोष्ट खोटी वाटते, आणि खोटी खरी.

अर्जात एक वाक्य होतं : "मी २०२३ मध्ये बी.कॉम. केलं होतं." व्याकरणात ते चूक नाही. पण "केलं होतं" ऐकलं की मन पुढच्या "पण"ची वाट बघतं. आजी म्हणते, "मी चार तोळ्यांची पोत केली होती," तेव्हा ती पोत आता घरात नाही, हे न सांगता कळतं. पदवी मात्र आजही आपल्याजवळ आहे. म्हणून पूर्ण वर्तमानकाळ हवा : "उत्तीर्ण झाले आहे." घटना मागची, पण तिचं फळ आजचं.

पदविकेबाबत उलट झालं होतं. "जी.डी.सी. अँड ए. उत्तीर्ण आहे," असं तिनं लिहिलं होतं. मी विचारलं, निकाल लागला? ती म्हणाली, "नाही गं मावशी, मे महिन्यात पेपर झाले, पण पास होईनच." तिच्या मनात फसवण्याचं काहीच नव्हतं. पण वाचणारा ते वाक्य खरं मानतो आणि मुलाखतीच्या दिवशी प्रमाणपत्र मागतो. मी अशा दोन चांगल्या मुलांना मुलाखतीच्या खोलीतून परत जाताना पाहिलं आहे. त्यांचं काम चांगलं झालं असतं असं मला आजही वाटतं. तिचं वाक्य आम्ही असं केलं : "परीक्षा मे महिन्यात दिली आहे, निकाल यायचा आहे." एवढं लिहिल्यानं तिचं काहीच कमी होत नाही. उलट निकाल लागला की संस्थेला कळवायला एक कारण मिळतं.

तिसरं वाक्य कामाचं. "मी एका कर सल्लागारांकडे काम करत होते." हे तर वाक्य अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटतं. करत होते, मग काय झालं? सोडलं, काढलं, की कार्यालय बंद पडलं? ठरलेल्या मुदतीचं काम पूर्ण झालं असेल तर साधा भूतकाळ आणि सोबत तारखा : "डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात काम केले." काम अजून चालू असेल तरच "करत आहे".

आणि "केलं, झालं, मिळालं" ही रूपं अर्जात "केले, झाले, मिळाले" अशी लिहायची. मी इथे बोलते तसं लिहिते आहे, ते अशा लेखनात चालतं. अर्जात चालत नाही. तिच्या पानावर पहिल्या परिच्छेदात "केले" आणि दुसऱ्यात "केलं" होतं. म्हणजे दुसरा परिच्छेद तिचा स्वतःचा आणि पहिला उतरवलेला, हे मला न विचारता कळलं.

५. "मी करेल" नाही, "मी करीन".

"मला संधी दिल्यास मी प्रामाणिकपणे काम करेल." खानदेशात आणि विदर्भात घराघरांत असंच बोलतात. त्या बोलण्यात काही उणं नाही आणि मी ते घरात कधी सुधारत नाही. अर्जात मात्र प्रमाण रूप हवं. "करेल" तो किंवा ती करते. मी "करीन" किंवा "करेन". तसंच मी शिकेन, मी येईन, मी देईन. शोधायची युक्ती सोपी आहे : अर्जातल्या ज्या वाक्याचा कर्ता "मी" आहे, त्याचं क्रियापद "ल"वर संपलं की थांबावं.

६. उतरवलेला मजकूर बाई-पुरुष बदलत नाही.

पहिला परिच्छेद कुठून आला ते इथे कळलं. "मी लिपीक पदासाठी अर्ज करू इच्छितो." शेवटी "आपला विश्वासू". मधल्या ओळीत मात्र "काम करत होते". चुलतभावाच्या अर्जातला मजकूर घेऊन तिनं मधलं बदललं होतं. मराठीत क्रियापद कर्त्याचं लिंग सांगतं, विशेषणही सांगतं. इंग्रजी अर्ज भावाचा बहिणीनं उचलला तर कुणाला कळत नाही. मराठीत पहिल्याच ओळीत कळतं.

"इच्छिते" करून भागलं असतं, पण मी ते वाक्यच बदललं. आपण अर्ज करूनच टाकला आहे, मग करण्याची इच्छा कशाला कळवायची? "अर्ज करत आहे" पुरे. ते रूप मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतं.

समोरच्याचंही तसंच. जाहिरातीत फक्त "व्यवस्थापक" होतं, म्हणून "महोदय / महोदया" लिहिलं. तिचं "मा. महोदय साहेब" एकावर एक तीन मान ठेवत होतं. पत्त्यात "मा. व्यवस्थापक" असतंच, मायन्यात एक संबोधन पुरतं.

७. अर्जात विनवणी नको आणि फुशारकीही नको.

तिच्या मूळ अर्जाचा शेवट असा होता :

"मी एक मेहनती, प्रामाणिक आणि सकारात्मक विचारांची व्यक्ती आहे. आपल्या नामांकित व प्रतिष्ठित संस्थेत संधी मिळाल्यास मी संधीचे सोने करेल. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती. आपला कृपाभिलाषी."

पहिलं वाक्य इंग्रजी नमुन्यातून आलेलं आहे. मराठी माणूस स्वतःला "एक व्यक्ती" म्हणत नाही. आणि दीडशेपैकी शंभरावर अर्जांत हीच तीन विशेषणं असतात, त्यामुळे वाचताना ती दिसेनाशी होतात. तिसरं वाक्य मला खुपलं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, ओढाताण खरी आहे. पण निवड समितीतल्या कुणालाही त्या वाक्याचा उपयोग करता येत नाही. दया वाटली तरी त्यावर गुण देता येत नाहीत. ज्या मुलीनं तीन महिने दुसऱ्याचे हिशेब सांभाळले, तिनं कृपेची याचना करू नये, एवढंच मी तिला म्हणाले. तिला थोडं वाईट वाटलं. ते वाक्य वडिलांनी सुचवलं होतं.

मग मी विचारलं, त्या कर सल्लागारांकडे सकाळी गेल्यावर तू पहिलं काय करायचीस? आधी ती म्हणाली, "काही नाही, एंट्र्या." पुढे हळूहळू निघालं : व्यापाऱ्यांची खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत नोंदवायची, महिन्याअखेरीला बँकेचं स्टेटमेंट आणि खात्यातल्या नोंदी यांचा ताळमेळ घालायचा, न जुळणारे धनादेश वेगळे काढायचे. पतसंस्थेत लिपिक रोज हेच करतो. हे सगळं अर्जात "काम करत होते" या तीन शब्दांत गाडलं गेलं होतं.

दुरुस्त अर्ज असा झाला :

"महोदय / महोदया,

आपल्या संस्थेतील लिपिक पदाच्या जाहिरातीनुसार मी हा अर्ज करत आहे.

मी २०२३ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची बी.कॉम. परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. सहकार व लेखा पदविकेची (जी.डी.सी. अँड ए.) परीक्षा या मे महिन्यात दिली आहे, निकाल यायचा आहे. एमएस-सीआयटी आणि मराठी टंकलेखन (३० शब्द प्रति मिनिट) ही प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत.

डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात अमळनेर येथे एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम केले. तेथे सुमारे ५० व्यापाऱ्यांची खरेदी-विक्रीची बिले टॅलीत नोंदवली, दरमहा बँक खात्यांचा ताळमेळ घातला आणि न जुळणाऱ्या नोंदींची यादी सल्लागारांना दिली.

निवड झाल्यास १५ दिवसांत रुजू होईन. प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,"

खाली पूर्ण नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं. ती सही करताना आडनाव वेगळ्या वेलांटीनं लिहायची, तेही त्या दिवशी एक केलं.

मी तिला अर्ज मोठ्यानं वाचायला सांगितला. "सुमारे ५० व्यापाऱ्यांची" इथे ती अडखळली. ५० नक्की होते का, मी विचारलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, मोजले नाहीत कधी. तिथूनच तिनं सल्लागारांच्या कार्यालयातल्या ताईंना फोन लावला. त्यांनी यादी काढून सांगितलं, तुझ्याकडे ३४ होते. "सुमारे ५०" खोडून तिनं "३४" लिहिलं आणि रविवारी दुपारी अर्ज पाठवला.